सहा हजार चारशे ऐंशीचा फरक

तिला आपण मीनल म्हणू. भोसरीच्या एमआयडीसीत शेतीच्या अवजारांची जुळणी करणारी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे आणि बी.कॉम. होऊन मीनल नुकतीच तिथे हिशेबाला लागली आहे. मुलगी आणि कंपनी दोन्ही काल्पनिक. तिच्या खात्यांत जे घडलं, ते मात्र खरेदीची बिलं भागवणाऱ्या कुठल्याही ठिकाणी घडू शकतं.

जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीची पुस्तकं बंद करायची होती. ३० सप्टेंबरला साठा मोजला तेव्हा एका मापाचे ६,००० बोल्ट कमी भरले. पुस्तकात ९,२०० होते, रॅकवर ३,२००. बारा रुपयांना एक या भावाने हा ७२,००० रुपयांचा माल होतो. स्टोअर सांभाळणाऱ्या काकांनी दोनदा मोजून पाहिलं, आकडा तोच आला. माल कमी भरला की पहिला संशय स्टोअरवर जातो. काका एवढंच म्हणाले, "पोरी, माझ्याकडे आलाच नाही तो माल."

मीनलचं लक्ष तोवर दुसऱ्याच ठिकाणी अडकलं होतं. खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट कंपनीला मिळते. ती रक्कम कंपनीच्या पुस्तकातही असते आणि सरकारी पोर्टलवरच्या खात्यातही. ऑगस्टअखेर या दोन्ही शिलका सारख्या असायला हव्या होत्या. पण पुस्तकात केंद्राच्या करात ६,४८० रुपये जास्त दिसत होते आणि राज्याच्या करातही तेवढेच. दोन्हीकडे एकसारखा फरक आला, तर तो बहुधा एकाच बिलाचा असतो. बोल्टवर १८ टक्के कर लागतो, त्यातले नऊ टक्के केंद्राचे आणि नऊ राज्याचे. ६,४८० हे नऊ टक्के असतील, तर मूळ रक्कम ७२,००० येते.

तिने खरेदीच्या नोंदींत ७२,००० शोधलं. एकाच पुरवठादाराच्या दोन नोंदी सापडल्या, दोन्ही करासह ८४,९६० रुपयांच्या. पहिली जुलैच्या अखेरीची, बिल क्रमांक ४१७. दुसरी ८ ऑगस्टची, बिल क्रमांक ०४१७/२५-२६. पैसे दोन्हींचे गेलेले, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा सप्टेंबरमध्ये.

तरी एवढ्यावरून कुणाला फोन करायचा नसतो. सारखी रक्कम म्हणजे दुबार बिल असं नव्हे. भाडं, देखभालीचा करार, ठरलेल्या लॉटची खरेदी यांची रक्कम दर वेळी तीच असते. म्हणून मीनलने कागद मागवले. माल गेटातून आत आला की स्टोअर त्याची पावती करतं, तिला जीआरएन म्हणतात. खरेदीची ऑर्डर, जीआरएन आणि बिल हे तिन्ही जुळले, तरच पैसे सोडायचे, असा नियम असतो. इथे ऑर्डर एक, गेटच्या वहीत गाडी एक आणि जीआरएनही एकच होती.

घडलं होतं ते असं. पुरवठादाराने माल पाठवतानाच बिलाची पीडीएफ ईमेल केली आणि पैशांसाठी तगादा लावला. कुणीतरी ती नोंदवली, क्रमांक लिहिताना पुढचं शून्य आणि मागचं वर्ष गाळलं. जीआरएनची वाट न पाहता पैसेही सोडले. आठवडाभराने मूळ बिल शिक्क्यासह, जीआरएन जोडून स्टोअरमधून आलं. दुसऱ्या कुणीतरी ते पूर्ण क्रमांकासह नोंदवलं. सॉफ्टवेअर क्रमांक अक्षर-अक्षर ताडून पाहतं, त्यामुळे त्याच्या लेखी ४१७ आणि ०४१७/२५-२६ ही दोन वेगळी बिलं ठरली.

आता प्रश्न असा की इतके दिवस हे लक्षात का आलं नाही? बिल एकदा नोंदवून पैसे दोनदा गेले असते, तर पुरवठादाराच्या खात्यात आपलंच येणं दिसलं असतं आणि कुणीही थबकलं असतं. पण इथे बिलही दोनदा आणि पैसेही दोनदा. नावे आणि जमा बरोबर जुळली, शिल्लक शून्य. असं स्वच्छ खातं कुणी उघडून बघत नाही. दुबार देणी पकडण्यात माझ्या मते हीच सर्वांत अवघड जागा आहे. चूक ज्या खात्यात झाली तिथे ती दिसत नाही. ती दिसते साठ्यात, करात आणि पुरवठादाराच्या पुस्तकात.

पोर्टलवर ती दिसली याचं कारण सोपं आहे. पुरवठादार आपल्या विक्रीची बिलं सरकारला कळवतो आणि त्यावरून आपल्यासाठी जीएसटीआर-२बी हे विवरण तयार होतं. त्याने बिल एकच केलं होतं, म्हणून तिथे एकच होतं. कंपनीचे कर सल्लागार विवरण पाहूनच वजावट घेत, त्यामुळे दुबार वजावट घेतली गेली नाही. घेतली असती, तर ती परत करावी लागली असती आणि वापरलेल्या रकमेवर व्याजही भरावं लागलं असतं.

मीनलने बँकेतून दोन्ही पेमेंटचे यूटीआर क्रमांक काढले, कागद एकत्र लावले आणि आधी आपल्या वरिष्ठांकडे गेली. "सर, दोन्ही वेळा बिल एकच आहे असं दिसतंय. त्यांचा खातेउतारा मागवू का?" कुणी केलं, हे ती बोलली नाही. पुरवठादाराला पाठवलेल्या ईमेलमध्येही फक्त उतारा मागितला, स्वतःचा आकडा कळवला नाही. समोरच्याचा आकडा स्वतंत्रपणे यावा, तरच तो पुरावा ठरतो. उतारा दुसऱ्या दिवशी आला. त्यांच्याकडे कंपनीचे ८४,९६० रुपये आगाऊ रक्कम म्हणून जमा होते.

आता दुरुस्ती. पहिला मोह होतो ऑगस्टची नोंद पुसून टाकण्याचा. तसं करू नये. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं बंधनकारक आहे, आणि ती सोय बंद करता येत नाही. शिवाय पैसे खरोखर गेलेले आहेत, हेही पुस्तकात दिसायला हवं. म्हणून मीनलने ३० सप्टेंबरच्या तारखेने जर्नल नोंद केली. पुरवठादाराच्या नावे ८४,९६०, खरेदीला जमा ७२,००० आणि दोन्ही करांना जमा ६,४८०. साठ्यातून ६,००० नग वजा केले. पुस्तकी साठा ३,२०० वर आला, रॅकवर होता तेवढाच.

गंमत म्हणजे, उलटवली ती दुसरी नोंद, जिला सगळे कागद नीट जोडलेले होते. कारण कराची वजावट जुलैच्या नोंदीवर घेऊन झाली होती. जीआरएन काढून तिने पहिल्या व्हाउचरला लावली आणि का लावली, ते खाली लिहून ठेवलं.

पुरवठादाराच्या माणसाने क्रेडिट नोट देऊ केली होती. मीनलने नको म्हटलं. कराची क्रेडिट नोट झालेल्या विक्रीतली रक्कम कमी करायला असते. इथे दुसरी विक्री झालीच नव्हती, फक्त पैसे जास्त गेले होते. ते परत घ्यायचे किंवा पुढच्या बिलात वळते करायचे, आणि जे ठरेल ते लेखी घ्यायचं. कंपनीने परत मागितले.

काकांच्या साठा-तपासणीच्या कागदावर तुटीच्या रकान्यात शून्य लिहून सही झाली. बिल नोंदवताना त्याचा क्रमांक जसा छापलाय तसाच, शून्यासकट लिहायचा, असं ऑफिसात ठरलं. तुमच्याकडे पुरवठादारांची खाती असतील, तर तिमाही बंद करण्याआधी शून्य शिल्लक असलेल्यांचेही उतारे मागवा.