प्रीमियम महाग की रास्त?

ऑप्शन विकण्याआधी जाणकार दोन आकडे शेजारी ठेवतात. इम्प्लाइड व्होलाटिलिटी प्रीमियमच्या भावातून निघते. दुसरा आकडा टिम बोलर्सलेव्ह यांनी 1986 मध्ये मांडलेल्या गार्च मॉडेलचा.

उद्याचे व्हेरियन्स = 0.02 + 0.08 × (आजच्या परताव्याचा वर्ग) + 0.90 × (आजचे व्हेरियन्स). हे सहगुणक उदाहरणापुरते. प्रत्यक्षात ते जुन्या भावांवरून काढतात. आजचा अंदाज 0.8 टक्के होता आणि निर्देशांक 1.5 टक्के पडला, तर उद्याचे व्हेरियन्स 0.776, म्हणजे दिवसाला 0.88 टक्के. 252 च्या वर्गमुळाने गुणले की वार्षिक 14 टक्के.

पण ऑप्शन महिनाभराचा असेल, तर एका दिवसाचा अंदाज पुरत नाही. पुढच्या वीस सत्रांची सरासरी 14.3 येते. इम्प्लाइड 18 असेल, तर प्रीमियम महाग दिसतो.

दिसतो, एवढेच. मे 2024 च्या अखेरीस इंडिया व्हीआयएक्स 24 च्या आसपास होता, निफ्टीची प्रत्यक्ष हालचाल मात्र त्यामानाने शांत. गार्चला फक्त मागचे भाव कळतात, निवडणुकीची तारीख नाही. 4 जूनला निकालाच्या दिवशी निफ्टी जवळपास 6 टक्के कोसळला. म्हणून फरक मोठा दिसला की आधी एक्स्पायरीपर्यंतचे निकाल, अर्थसंकल्प, पतधोरण तपासतात.