सिग्नलवरचं ते एक मिनिट

सिग्नल लाल झाला, गाडी न्यूट्रलला आली की इंजिन आपोआप बंद. क्लच दाबला की पुन्हा चालू. अशा स्टार्ट-स्टॉप गाडीत साधी बॅटरी टिकत नाही, आणि त्याचा दोष बहुतेक जण स्टार्टरला देतात. हिशोब मांडला तर वेगळंच दिसतं.

स्टार्टर 300 अँपिअरच्या आसपास करंट खेचतो खरा, पण जेमतेम सेकंदभर. म्हणजे 0.1 अँपिअर-तासाहूनही कमी. मोठा खर्च होतो तो त्याआधीच्या मिनिटात. इंजिन थांबलं की अल्टरनेटरही थांबतो आणि हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळे बॅटरीवर येतात. पावसाळी संध्याकाळी हा भार 30 अँपिअर धरला, तर मिनिटाला अर्धा अँपिअर-तास जातो. हडपसरहून हिंजवडीला जाताना असे 20 थांबे झाले, तर स्टार्टसकट अकरा-बारा अँपिअर-तास. 60 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा जवळपास पाचवा हिस्सा, आणि तो भरून काढायला दोन सिग्नलांमधली थोडीशी धावच हाताशी असते.

साधी बॅटरी बनवलेली असते एक जोरदार झटका देऊन मग भरलेल्या अवस्थेत राहण्यासाठी. ती इतक्या झटपट चार्ज घेत नाही, त्यामुळे कायम अर्धवट भरलेली राहते. प्लेटवर साचलेलं लेड सल्फेट वेळेत विरघळलं नाही की त्याचे स्फटिक वाढत जातात आणि पुढे चार्जिंगलाही दाद देत नाहीत. घट्ट अ‍ॅसिड तळाशी बसतं, वर पातळ उरतं. एरवी पूर्ण चार्जिंगच्या वेळी उठणारे बुडबुडे ते ढवळतात, इथे ती वेळच येत नाही. सतत भरण्या-रिकामं होण्यानं पॉझिटिव्ह प्लेटवरची पेस्टही सैल होऊन गळते.

ईएफबी बॅटरीत अ‍ॅसिड द्रवच असतं, पण पॉझिटिव्ह प्लेटवर पॉलिएस्टरचं विरळ कापड पेस्ट धरून ठेवतं आणि निगेटिव्ह पेस्टमधला कार्बन चार्ज लवकर आत घेतो. एजीएममध्ये अ‍ॅसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं आणि प्लेटा तिच्यावर घट्ट दाबून बसवलेल्या असतात. त्यामुळे अ‍ॅसिड खाली बसत नाही, पेस्ट सुटत नाही. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवणाऱ्या गाड्यांत म्हणूनच बहुधा एजीएम असते. तिला उष्णता मात्र सोसत नाही. अनेक गाड्यांत ती बॉनेटऐवजी डिकीत किंवा सीटखाली बसवतात. मूळची एजीएम काढून ईएफबी लावणं चुकीचंच.

स्वस्तात साधी बॅटरी बसवली तरी पहिले काही आठवडे गाडी बिनतक्रार सुरू होते, आणि फसगत होते ती इथेच. सहसा पहिली खूण म्हणजे स्टार्ट-स्टॉपच चालेनासं होतं, कारण निगेटिव्ह टर्मिनलवरचा सेन्सर चार्ज कमी असल्याचं कळवतो. मल्टिमीटर तेव्हाही 12.6 व्होल्ट दाखवू शकतो. तळाशी बसलेलं घट्ट अ‍ॅसिड आकडा फुगवतं. खरी स्थिती लोड टेस्टमध्येच उघडी पडते. बॅटरी बदलताना जुनीच्याच प्रकारची घ्यावी, आणि काही गाड्यांत तिची नोंद स्कॅनर लावून संगणकात करावी लागते. नाहीतर गाडी जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशोबानंच नवीला चार्ज करत राहते.