काट्यावरचे भटके ग्रॅम

दुकानातल्या 10 किलोच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात लोडसेल पूर्ण वजनाला साधारण 10 मिलिव्होल्ट देतो. म्हणजे एका ग्रॅमला एक मायक्रोव्होल्ट! आता डिस्प्लेचा 20 मिलिअँपिअर प्रवाह परतताना सेन्सरच्याच ग्राउंडमधून गेला, तर एक मिलिओहम तांब्यावरही 20 मायक्रोव्होल्ट पडतात. रिकामा काटा 20 ग्रॅम दाखवू लागतो. डिस्प्ले क्षणभर बंद करून पाहा. आकडा जागेवर आला, तर परतीची वाट सामायिक आहे.

यावर ग्राउंडचे दोन तुकडे करण्याची सवय अनेकांना असते. मला ती पटत नाही. वेगवान सिग्नलचा परतीचा प्रवाह त्याच्या ट्रेसच्या अगदी खालून जातो. तिथे फट आली की तो वळसा घेतो आणि गोंगाट पसरवतो. ग्राउंड अखंड ठेवावे, पण डिस्प्ले आणि वीजपुरवठा एका बाजूला, लोडसेल दुसऱ्या बाजूला मांडावा.

मोजणारी चिप क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला प्रवाहाचा घोट मागते. तो शेजारच्या 100 नॅनोफॅरडच्या कपॅसिटरने पुरवायचा. दोन सेंटिमीटर दूर ठेवला, तर ट्रेसचे इंडक्टन्सच आडवे येते. त्याचे ग्राउंडचे टोकही लगतच्या व्हायाने थेट खाली उतरवावे.