बारा वाजून दहा मिनिटांनी

माझी पुतणी तालुक्याच्या गावी राहून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. घरी वायफाय नाही. फोनमध्ये रोजचा दीड जीबी डेटा आणि रात्री बारा ते सकाळी सहा मोफत नेट, असा तिचा प्लॅन. परीक्षेला सहा आठवडे उरले तेव्हा ती म्हणाली, "काका, दुपारीच डेटा संपतो. मग एक लेक्चर बघायला अख्खी संध्याकाळ जाते." ती वाढवून सांगत नव्हती. रोजचा कोटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम 8 केबी. त्या वेगाने 100 एमबीची फाइल उतरायला साडेतीन तास लागतात.

रात्रीच्या डेटाची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. रात्री टॉवरवर गर्दी नसते, यंत्रणा रिकामीच असते, म्हणून कंपनीला तो वेळ स्वस्तात देणं परवडतं. यूट्यूबने 2016 साली भारतात एअरटेल आणि टेलिनॉरबरोबर रात्री आपोआप डाउनलोड करण्याची सोय आणली होती. 2021 मध्ये व्हीआयने काही रिचार्जवर रात्री बारा ते सहा मोफत डेटा सुरू केला. हे प्लॅन सारखे बदलतात, म्हणून शेजाऱ्याला मिळतं म्हणजे आपल्यालाही मिळेल असं धरून चालू नका. खात्री करणं सोपं आहे. रात्री बारानंतर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक डेटा बघायचा, शंभरेक एमबीचा एक व्हिडिओ उतरवायचा आणि पुन्हा शिल्लक बघायची. आकडा तेवढाच घटला असेल, तर तुमच्या प्लॅनमध्ये रात्र मोफत नाही.

पुतणीला हवी होती एनपीटीईएलची लेक्चर. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची ही लेक्चर यूट्यूबवर फुकट आहेत. बारा आठवड्यांच्या एका कोर्सला साधारण साठ लेक्चर, प्रत्येक अर्ध्या तासाच्या आसपास. चार विषय घेतले तर अडीचशेच्या घरात जातात. इथेच बरीच मुलं चुकतात. सगळं उतरवून ठेवतात आणि निम्मंही बघत नाहीत. आम्ही विद्यापीठाचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून बसलो आणि दर विषयाची पंचवीसच लेक्चर निवडली. झाली शंभर. पाच आठवड्यांत दर आठवड्याला वीस. सहावा आठवडा डाउनलोडविना, नुसत्या उजळणीसाठी.

आता वजन. 360पी दर्जात अर्ध्या तासाचं लेक्चर आम्हाला सरासरी 120 एमबीचं पडलं. फळ्याचं किंवा स्लाइडचं लेक्चर असलं की चित्र फारसं हलत नाही, त्यामुळे फाइल हलकी राहते. 720पी घेतलं की तीच फाइल कितीतरी पटींनी फुगते, आणि फळ्यावरची अक्षरं 360पीमध्येही वाचता येतात. बारीक आकृत्यांचा विषय असेल तर एक लेक्चर आधी उघडून बघावं. वीस लेक्चरचे झाले 2.4 जीबी. पुतणीच्या फोनमध्ये पाच जीबी मोकळे होते, म्हणून बघून झालेलं दर आठवड्याला पुसायचं ठरलं.

मग सगळं एकाच रात्री का उतरवू नये? कारण प्रीमियमचे पैसे न भरता यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये उतरवलेला व्हिडिओ नेटशिवाय 48 तासच चालतो. त्यानंतर फोन पुन्हा नेटला जोडावा लागतो, आणि काही व्हिडिओ तर नव्याने उतरवावे लागतात. रविवारी उतरवलेलं शुक्रवारी बघायला बसलात तर हाती काहीच लागणार नाही. पुतणीचा आठवडा या 48 तासांभोवतीच बेतला. रविवारी संध्याकाळी वहीत वीस लेक्चरची यादी. सोमवारी रात्री पहिल्या दोन विषयांची दहा. मंगळवारी पाच बघायची, बुधवारी पाच. बुधवारी रात्री पुढची दहा, ती गुरुवारी आणि शुक्रवारी संपवायची. शुक्रवारची रात्र मागे राहिलेल्यांसाठी, कारण काही ना काही राहतंच. शनिवार-रविवार जुन्या प्रश्नपत्रिका.

वेळेचं गणितही करून ठेवा. वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये असते, म्हणून आठाने भागायचं. 2 एमबीपीएस इतका किरकोळ वेग मिळाला तरी सेकंदाला पाव एमबी उतरतो, म्हणजे एका लेक्चरला आठ मिनिटं आणि दहांना एक तास वीस मिनिटं. कुणीही रात्रभर जागायची गरज नाही.

तरी पहिल्या सोमवारी फजिती झालीच. पोरीने अकरा पंचावन्नला डाउनलोड लावलं आणि पाच मिनिटांत दिवसाचा उरलासुरला कोटा उडाला. फोनचं घड्याळ आणि कंपनीच्या यंत्रणेचं घड्याळ मिनिटाला मिनिट जुळेलच असं नाही, म्हणून आता सुरुवात बारा वाजून दहा मिनिटांनी. त्यासाठी एक युक्ती सापडली. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये डाउनलोडखाली 'फक्त वायफायवर डाउनलोड' असा पर्याय असतो. तो साडेअकरालाच चालू करून दहा लेक्चरचं डाउनलोड बटण दाबायचं. ती वायफायची वाट बघत रांगेत थांबतात. बारा दहाला पर्याय बंद केला की रांग सुरू होते. दर्जाही तिथेच कायमचा ठरवून ठेवता येतो. एरवी हाच पर्याय चुकून चालू राहिला तर सकाळी एकही व्हिडिओ उतरलेला नसतो आणि माणूस नेटवर्कला शिव्या देत बसतो.

दुसऱ्या रात्री वेगळाच घोटाळा. दहापैकी तीनच उतरली होती. स्क्रीन बंद झाल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी फोनने यूट्यूबलाच झोपवलं होतं. अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरीचं बंधन काढलं, फोन चार्जरला लावून खिडकीपाशी ठेवला, आणि प्रश्न सुटला. तीन-चार उतरून बाकीची तशीच अडकलेली दिसली, तर आधी हे तपासा.

48 तासांची कटकट नकोच असेल तर nptel.ac.in वर कोर्सच्या डाउनलोड विभागात अनेक लेक्चरच्या एमपी4 फाइल मिळतात. त्यांना मुदत नसते. मात्र दर्जा निवडता येत नाही, म्हणून आधी आकार बघा. आणखी एक गोष्ट तिथे असते, जिच्याकडे मुलं ढुंकूनही बघत नाहीत. लेक्चरचा लिखित मजकूर पीडीएफमध्ये असतो, आणि काही कोर्सचा तर मराठीतही. पुतणीने पाचव्या आठवड्यात दोन विषयांची लेक्चर उतरवलीच नाहीत, नुसता मजकूर वाचला. माझ्या मते हा तिचा सगळ्यात शहाणा निर्णय होता. अर्ध्या तासाचं बोलणं ती दहा मिनिटांत वाचून काढायची, आणि त्या दहा फाइल मिळून एका व्हिडिओएवढ्याही नव्हत्या.