वर्तुळ किती मोठे काढावे?

बबल चार्टमध्ये आकडा वर्तुळाच्या आकारातून दाखवतात. आकार म्हणजे त्रिज्या की क्षेत्रफळ, हे तक्ता काढणाऱ्याने ठरवायचे असते आणि चूक होते ती तिथेच. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्रिज्या दुप्पट झाली की रंगवायची जागा चौपट होते, तिप्पट झाली की नऊपट. वाचकाच्या नजरेत भरते ती ही रंगवलेली जागा. त्रिज्या तर तक्त्यात काढलेलीही नसते.

जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांच्या ‘स्टेट ऑफ द युनियन’ भाषणासोबत पडद्यावर तक्ते दाखवले गेले. एकात निरनिराळ्या देशांच्या अर्थव्यवस्था वर्तुळांनी मांडल्या होत्या. अमेरिकेची १४.६ लाख कोटी डॉलर, तर चीनची ५.७ लाख कोटी, म्हणजे पहिली दुसरीच्या सुमारे २.५६ पट. वर्तुळांच्या त्रिज्या मात्र थेट याच प्रमाणात घेतल्या होत्या. त्यामुळे अमेरिकेचे वर्तुळ चीनच्या जवळपास साडेसहापट जागा व्यापून बसले.

दुरुस्ती सोपी आहे. आकड्यांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ काढायचे आणि त्या प्रमाणात त्रिज्या घ्यायची. २.५६ चे वर्गमूळ १.६. चीनच्या वर्तुळाची त्रिज्या १ सेंटिमीटर असेल, तर अमेरिकेची १.६ सेंटिमीटर हवी, २.५६ नव्हे. छापील तक्त्यावर संशय आला तर फूटपट्टी पुरते. दोन वर्तुळांचे व्यास मोजावेत. त्यांचे गुणोत्तर आकड्यांच्या गुणोत्तराइतकेच निघाले, तर तक्ता चुकला आहे. एक्सेलमध्ये यासाठी `Area of bubbles` आणि `Width of bubbles` असे दोन पर्याय असतात. त्यातला पहिला निवडावा.

एवढे करूनही वाचकाचा अंदाज अचूक येतोच असे नाही. दोन वर्तुळांच्या क्षेत्रफळातला फरक माणसाला असतो त्यापेक्षा कमी वाटतो. नकाशांवरील वर्तुळे लोक कशी वाचतात, याचा अभ्यास अमेरिकी नकाशातज्ज्ञ जेम्स फ्लॅनरी यांनी केला. त्यांनी सुचवले, की त्रिज्येसाठी ०.५ हा घातांक, म्हणजे वर्गमूळ, न घेता सुमारे ०.५७ घ्यावा. या हिशेबाने अमेरिकेची त्रिज्या १.६ ऐवजी १.७१ सेंटिमीटर होते. बरोबर काढलेले २.५६ पट वर्तुळ सरासरी वाचकाला सव्वादोनपटीच्या आसपास वाटते; त्रिज्येच्या हिशेबाने काढलेले पाचपटीच्या आसपास. नजरेची चूक तक्त्याची चूक भरून काढील, ही आशा त्यामुळे फोल ठरते.

फ्लॅनरींची दुरुस्ती सरासरीची आहे, प्रत्येकाची नजर वेगळी. शिवाय शेजारही फसवतो: लहान वर्तुळांच्या घोळक्यातले वर्तुळ आहे त्याहून मोठे भासते. म्हणून बरेच जण क्षेत्रफळ खरेच ठेवतात आणि कोपऱ्यात ज्ञात आकड्यांची दोन-तीन नमुना वर्तुळे देतात. अगदी जवळचे आकडे ताडून पाहायचे असतील, तर वर्तुळे सोडून स्तंभालेख घ्यावा. लांबीतला फरक डोळ्याला बऱ्याच अचूकपणे कळतो.