काळविटाच्या एका उडीचे वीस फोटो, ठेवायचा कोणता?

बिदर शहर ज्या पठारावर वसले आहे, ते गोव्याला घरच्यासारख्या असलेल्या जांभ्या दगडाचे आहे. शहर मागे टाकून मोकळ्या माळावर आले की तुरीची, ज्वारीची शेते आणि त्यांना लागून पसरलेले गवताळ पट्टे दिसू लागतात. काळविटांचे कळप याच भागात चरतात. प्रौढ नर वरून काळा, खालून पांढरा. माद्या फिक्या तांबूस. कळप बिचकला की एकेक जनावर चारही पाय उचलून हवेत झेप घेते. ती झेप टिपण्यासाठी पहाटेपासून बसलेला हौशी छायाचित्रकार बटणावरचे बोट सोडत नाही आणि कॅमेरा सेकंदाला दहा या वेगाने फोटो घेत राहतो. दोन तासांनी घरी परततो तेव्हा कार्डावर दीड हजार फोटो साठलेले असतात.

त्यातले बहुतेक अस्पष्ट असणार हे ठरलेलेच असते, आणि त्यामागे साधे गणित आहे. ताशी ५४ किलोमीटर वेगाने धावणारे काळवीट सेकंदाला १५ मीटर पुढे जाते. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतके उघडे राहिले, तर तेवढ्यात ते ३ सेंटिमीटर सरकते. दोन हजाराव्या भागाइतके राहिले, तर साडेसात मिलिमीटर. कॅमेरा जनावराबरोबर फिरवला तर धड स्थिर येते, पण पाय पुढे-मागे होतच असतात. शिवाय हात हलतो, आणि फोकस कधी जनावराच्या अर्धा पाऊल मागे राहतो, तर कधी मागच्या गवतावर जाऊन बसतो. म्हणून सलग घेतलेल्या वीस फोटोंत सारे जुळून आलेला एखादाच असतो. तो शोधण्याचे काम संगणकावर दोन टप्प्यांत होते. आधी एका क्षणाचे फोटो एका गटात आणायचे आणि मग त्या गटातला सर्वांत सुस्पष्ट फोटो ठेवायचा.

पहिल्या टप्प्यासाठी घड्याळ पुरते. कॅमेरा प्रत्येक फोटोत तो घेतल्याची वेळ नोंदवतो आणि अनेक कॅमेरे सेकंदाचे अंशही लिहितात. गट पाडताना हीच नोंद वाचावी. संगणक दाखवतो ती फाइलची तारीख नुसत्या नकलेनेही बदलू शकते आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आलेल्या प्रतीत मूळ नोंद बहुधा उरलेलीच नसते. फोल्डरमधील फोटोंच्या वेळा क्रमाने पाहायच्या असतील, तर एक्सिफटूल या मोफत प्रणालीत पुढील एक ओळ पुरेशी आहे:

```
exiftool -T -FileName -SubSecDateTimeOriginal -fileOrder SubSecDateTimeOriginal .
```

समजा, या यादीत 07:12:04.10 पासून 07:12:05.50 पर्यंत पंधरा फोटो आहेत. नंतर 07:12:06.90 पासून 07:12:07.30 पर्यंत पाच आहेत आणि त्यापुढचा फोटो थेट 07:12:31 चा आहे. लागोपाठच्या दोन फोटोंतील अंतर दोन सेकंदांपेक्षा कमी असेल तर ते एकाच गटातले, असा नियम केला, तर विसांचा एकच गट होईल. मर्यादा एका सेकंदावर आणली की पंधरा आणि पाच असे दोन गट पडतील. पहिल्या गटात झेप असेल, दुसऱ्यात जमिनीवर उतरून मागे वळून पाहणारे काळवीट असेल. हे दोन वेगळे क्षण आहेत आणि दोन्ही ठेवण्याजोगे आहेत. दोन सेकंदांच्या नियमाने त्यांतला एक विनाकारण गेला असता. वेगवान जनावरासाठी एक सेकंद ही सुरुवात करायला योग्य मर्यादा होय.

कलबुर्गीच्या शरणबसवेश्वराच्या रथोत्सवात मात्र हाच नियम अंगलट येतो. रथ संथ चालतो, गर्दीत बटण अर्ध्या-पाऊण सेकंदाने दाबले जाते आणि कुठेच पुरेसे अंतर पडत नाही. साखळीत साखळी अडकत जाऊन दहा मिनिटांच्या मिरवणुकीचा एकच गट तयार होतो आणि त्यातून एकच फोटो उरतो! गट फुगला आहे हे त्याच्या पहिल्या व शेवटच्या फोटोमधील वेळेवरून कळते. तिथे अंतराच्या नियमाला दुसरी अट जोडावी लागते: गट सुरू झाल्यापासून ठरावीक काळ, समजा पाच सेकंद, लोटले की नवा गट सुरू.

दुसरा टप्पा खरा अवघड. संगणकाला डोळे नसतात. तो ठिपके मोजतो. काळविटाच्या शिंगाची कडा फोटोत नेमकी उतरली असेल, तर एका ठिपक्यावर काळा आणि शेजारी लगेच फिका रंग येतो. कडा पुसट असेल, तर तोच बदल आठ-दहा ठिपक्यांवर पसरतो. म्हणून प्रत्येक ठिपक्याची त्याच्या चार शेजाऱ्यांशी तुलना करायची आणि त्या फरकांचा पसारा किती मोठा आहे ते एका आकड्यात मांडायचे. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत जुनी आणि झटपट आहे. आकडा जितका मोठा, तितका फोटो सुस्पष्ट, असे ढोबळमानाने धरले जाते.

ढोबळमानाने असे म्हणण्याचे कारण गवतात आहे. समजा, पंधरांच्या गटात संपूर्ण चौकटीचा आकडा सहाव्या फोटोला २४० आणि नवव्याला १८२ मिळाला. संगणक सहावा ठेवेल. तो उघडून पाहावा, तर फोकस मागे गेलेला असतो: गवताचे पातेन् पाते स्वच्छ आणि काळवीट धूसर. हजारो पात्यांच्या हजारो कडांपुढे एका जनावराची कडा ती किती! हाच आकडा फक्त काळवीट असलेल्या भागापुरता काढला, तर सहाव्याला ९५ आणि नवव्याला ३१० असा उलटा निकाल येऊ शकतो. म्हणून मोजणी पूर्ण चौकटीची करू नये. जनावर मध्यभागी ठेवून फोटो घेतले असतील तर मधला अर्धा भाग पुरतो. नाहीतर गटातल्या प्रत्येक फोटोत जनावर कुठे आहे ते पाहून तो तुकडा निवडावा, आणि सर्व तुकडे सारख्या आकाराचे असावेत.

बिदरच्याच हवाई दलाच्या तळावर असलेल्या ‘सूर्यकिरण’ या नऊ विमानांच्या कसरती पथकाचे फोटो एखाद्या जाहीर प्रात्यक्षिकात घेतले, तर गवताची अडचण नसते, पण वेगळीच फसगत होते. चौकटीत नऊ विमाने आलेल्या फोटोला पाच विमानांच्या फोटोपेक्षा जास्त कडा मिळतात, आणि तो किंचित हललेला असूनही आकड्यात पुढे जातो.

पहाटेच्या अंधूक प्रकाशातले रवाळ कण हीदेखील कडाच समजली जाते. त्यावर उपाय म्हणजे मोजणीपूर्वी फोटो अगदी हलकासा मऊ करून घेणे. हे फक्त मोजणीच्या प्रतीवर करावे, मूळ फोटोवर नाही. आणि एका गटाचा आकडा दुसऱ्या गटाशी ताडू नये. धुक्यातल्या काळविटाचा उत्तम फोटोही भर उन्हातल्या साधारण फोटोपेक्षा कमी आकडा मिळवील.

बाद ठरलेले फोटो लगेच पुसू नयेत. ते वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावेत, आणि कॅमेरा प्रत्येक फोटोची कच्ची फाइलही लिहीत असेल तर ती जोडी एकत्र हलवावी. मग प्रत्येक गटातले पहिले तीन फोटो पूर्ण आकारात, डोळ्याच्या जागी मोठे करून पाहावेत. लहान चौकटीत सगळेच स्वच्छ दिसतात. वरच्या उदाहरणातला नववा फोटो सर्वांत सुस्पष्ट खरा, पण त्यात काळविटाचे पुढचे पाय जमिनीला टेकलेले असू शकतात. चारही पाय हवेत असलेला सातवा फोटो त्याहून किंचित मऊ असला, तरी माणूस तोच ठेवील.