ॲनिलीन शुद्ध कसे करतात?

नायट्रोबेंझीनपासून ॲनिलीन बनवले की भांड्यात क्षार आणि डांबरासारखा गाळही असतो. ॲनिलीन द्रव आहे, म्हणून स्फटिकीकरण बाद. ते बेंझॉइक आम्लासारख्या घन पदार्थांसाठी. साध्या ऊर्ध्वपातनाला १८४ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि तेवढ्या उष्णतेत गाळ करपतो.

ॲनिलीन पाण्यात फारसे विरघळत नाही. त्यामुळे वाफ सोडली की दोघांचे बाष्पदाब मिळून हवेच्या दाबाइतके होतात आणि मिश्रण सुमारे ९८ अंशांनाच उकळते. मात्र आधी अल्कली घालावी लागते, नाहीतर ॲनिलीन क्षाराच्या रूपात भांड्यातच राहते. जमलेले ॲनिलीन वाळवून मग साधे ऊर्ध्वपातन करतात.

ग्लिसरीन पाण्यात मिसळते, शिवाय २९० अंशांना उकळताना त्याचे विघटन होते. तिथे दाब कमी करून निर्वात ऊर्ध्वपातनच करावे लागते.